सौद्याच्या तक्त्याचा फोटो, सीएसव्ही आणि जोडलेले सेल

प्रश्न: मी कोल्हापुरात शाहू मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात हिशेब बघतो. गुळाच्या सौद्याच्या रोजच्या तक्त्यांचे फोटो मोबाईलवर साठलेत. ते सीएसव्हीत आणायचे आहेत, म्हणजे सगळा हंगाम एकत्र बघता येईल. पण तक्त्यात वरचं हेडिंग दोन मजली आहे, काही सेल दोन-दोन ओळींना मिळून एकच आहेत, आणि रोजच्या तक्त्यात हेडिंगचे शब्दही थोडे बदलतात. जोडलेले सेल रिकामे सोडायचे की खाली तेच भरत जायचं? हेडिंग एकसारखी कशी ठेवायची?

उत्तर:

भरायचं की सोडायचं याला सरसकट एक नियम नाही. प्रत्येक जोडलेल्या सेलला एकच गोष्ट विचारायची: यातला मजकूर खालच्या ओळींना प्रत्येकी लागू आहे, की सगळ्या ओळींचा मिळून आहे? प्रत्येकी असेल तर खाली भरा. मिळून असेल तर भरू नका, आणि वाटूनही टाकू नका. सीएसव्हीला मर्ज हा प्रकारच ठाऊक नाही. तिथे प्रत्येक ओळीला आपापल्या पायावर उभं राहावं लागतं, म्हणून हा निर्णय तुम्हालाच घ्यावा लागतो. तुम्ही घेतला नाहीत तर सॉफ्टवेअर घेतं, आणि ते बहुधा पहिल्या ओळीत आकडा ठेवून बाकीच्या रिकाम्या सोडतं.

एक तक्ता घेऊन बघू. आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत, बाजाराचे नाहीत. कॉलम असे: प्रत, माप, आवक (रवे म्हणजे गुळाच्या ढेपा), आणि ‘दर, रु. प्रति क्विंटल’ या एका लांब हेडिंगखाली किमान, कमाल, सरासरी. एक नंबरच्या दोन ओळी आहेत, ३० किलोचा रवा आणि १० किलोचा रवा, आणि ‘एक नंबर’ हे दोन्ही ओळींना मिळून एकदाच लिहिलंय. दोन नंबरचंही तसंच, पण तिथे आवकेचा आकडाही दोन ओळींत मिळून एकच आहे: ११५०. तीन नंबरला आवक २१०, आणि दराच्या तिन्ही कॉलमवर आडवं लिहिलंय, ‘सौदा झाला नाही’. शेवटच्या ओळीत एकूण २३८०.

आधी हा तक्ता जसा दिसतो तसा उतरवायचा. या पायरीला कसलाही अर्थ लावायचा नाही. मी तीन खुणा वापरतो: `^` म्हणजे वरचा सेल खाली पसरलाय, `<` म्हणजे डावीकडचा उजवीकडे पसरलाय, आणि `?` म्हणजे फोटोत वाचता येत नाही. खरोखर रिकामा असलेला सेल रिकामाच ठेवतो.

```
prat,maap,avak,kiman,kamal,sarasari
एक नंबर,30,640,4500,5000,4700
^,10,380,4600,5200,4850
दोन नंबर,30,1150,4100,4450,4300
^,10,^,4150,4500,4350
तीन नंबर,30,210,सौदा झाला नाही,<,<
एकूण,<,2380,,,
```

ही कच्ची फाइल कधीही फेकायची नाही. पुढे कुणी विचारलं की हा आकडा कुठून आला, तर फोटो, कच्ची फाइल आणि पक्की फाइल शेजारी ठेवून दाखवता येतं. खुणा वेगळ्या ठेवण्याचं आणखी एक कारण असं, की ‘जोडलेला’ आणि ‘रिकामा’ यांत फरक करायची संधी फक्त फोटो बघतानाच असते. एकदा दोन्ही रिकामे म्हणून उतरले की तो फरक फाइलमधून शोधून काढता येत नाही.

आता फोटोत सेल जोडलेला आहे की नाही हे ओळखायचं कसं? छापील तक्त्यात दोन ओळींमधली आडवी रेघ त्या कॉलमपुरती नसते. पण रेघ दिसत नाही म्हणजे ती नाहीच असं समजू नका. वरून ट्यूबलाइट असेल तर कागदाच्या मधल्या पट्ट्यात बारीक रेघा पार धुऊन निघतात, आणि तिथले सगळेच सेल जोडलेले वाटतात. म्हणून रेघेपेक्षा आकड्याची जागा बघा. ११५० हा आकडा दोन ओळींच्या बरोबर मधोमध, म्हणजे शेजारच्या ३० आणि १० यांच्या मधल्या उंचीवर असेल तर तो दोन्हींचा. ३० च्या ओळीत सरळ रेषेत असेल तर तो फक्त त्या ओळीचा, आणि खालचा सेल खरंच रिकामा. मोबाईल तिरका धरलेल्या फोटोत ही उंची फसवते, त्यामुळे आधी स्कॅनर ॲपने कागदाचे चार कोपरे धरून फोटो सरळ करून घ्या.

हाताने लिहिलेल्या तक्त्यात रेघांचा प्रश्नच येत नाही, तिथे लिहिणाऱ्याच्या सवयी वाचाव्या लागतात. आपल्याकडे दोन ओळींना महिरपी कंस घालून शेजारी एक आकडा लिहिला असेल तर तो जवळजवळ नेहमी मिळून असतो. ‘—"—’ अशी खूण केली असेल तर वरचंच परत, म्हणजे प्रत्येकी. नुसती आडवी रेघ असेल तर काही नाही. वरच्यासारखंच म्हणणारी दुहेरी टिंबं टाइप करताना तशीच `"` म्हणून घालू नका. सीएसव्हीत दुहेरी अवतरणाला वेगळाच अर्थ आहे. सेल त्या चिन्हाने सुरू झाला की वाचणारा प्रोग्राम पुढचं अवतरण सापडेपर्यंत स्वल्पविराम आणि ओळीचा शेवटही मजकुरातच धरतो, आणि चार-सहा ओळी एका सेलमध्ये जाऊन बसतात. खुणेच्या जागी `^` घाला.

कच्ची फाइल झाली की निर्णयांकडे या. ‘एक नंबर’ आणि ‘दोन नंबर’ ही प्रत आहे. १० किलोचा रवाही एक नंबरचाच, म्हणजे प्रत्येकी. खाली भरायची. इतकं सोपं.

आवकेच्या ११५० ला मात्र थांबावं लागतं. हा आकडा खाली भरला तर आवक अशी होते: ६४०, ३८०, ११५०, ११५०, २१०. बेरीज ३५३०. तक्ता सांगतो २३८०. फरक ११५०, म्हणजे नेमका त्या जोडलेल्या सेलइतका. बेरजेतला फरक एखाद्या सेलच्या आकड्याशी तंतोतंत जुळला की चूक वाचण्याची नसून भरण्याची आहे, असं खुशाल समजा. (तीन ओळींना जोडलेला सेल असेल तर फरक दुप्पट येईल.)

मग पहिल्या ओळीत ११५० ठेवून दुसरी रिकामी सोडली तर? बेरीज जुळते, आणि म्हणूनच बहुतेक लोक इथे समाधान मानतात. पण आता फाइल असं म्हणते की दोन नंबरचे ३० किलोचे ११५० रवे आले. उद्या कुणी फक्त ३० किलोच्या ओळी गाळून काढल्या तर हा खोटा आकडा त्याच्या हिशेबात जाणार. निम्मे निम्मे ५७५ करणं त्याहून वाईट, कारण ५७५ हा आकडा तक्त्यात कुठेच नाही, तो आपण जन्माला घातला. आणि इथे नुकसान किती होऊ शकतं तेही बघा. ११५० रवे सगळे ३० किलोचे असतील तर माल ३४५ क्विंटल, सगळे १० किलोचे असतील तर ११५ क्विंटल. खरं उत्तर या दोन्हींच्या मध्ये कुठेही असेल. तक्ता ते सांगत नाही, तर आपल्या फाइलनेही सांगू नये.

म्हणून मी मिळून असलेल्या आकड्यासाठी स्वतंत्र ओळ घालतो. मापाच्या कॉलममध्ये `ekatra` लिहितो, आवक तिथे, दर रिकामे. मूळच्या दोन ओळींत दर आहेत, आवक रिकामी. पक्की फाइल अशी दिसते:

```
tarikh,prat,maap,avak_rave,dar_kiman_qtl,dar_kamal_qtl,dar_sarasari_qtl,shera
2025-01-20,1,30kg,640,4500,5000,4700,
2025-01-20,1,10kg,380,4600,5200,4850,
2025-01-20,2,30kg,,4100,4450,4300,
2025-01-20,2,10kg,,4150,4500,4350,
2025-01-20,2,ekatra,1150,,,,दोन्ही मापांची मिळून
2025-01-20,3,30kg,210,,,,सौदा झाला नाही
```

आवकेची बेरीज २३८० येते आणि एकही ओळ खोटं बोलत नाही. मापाच्या जागी `ekatra` न लिहिता ती रिकामी सोडायचा मोह होईल, तो टाळा. पायथॉनमधल्या pandas या तक्ते हाताळणाऱ्या साधनात `groupby("maap")` केलं की ज्या ओळींत माप रिकामं आहे त्या आपोआप गळतात, कुठलीही सूचना न देता. मापनिहाय आवकेची बेरीज मग १२३० येते आणि ११५० रवे नाहीसे होतात.

‘एकूण’ची ओळ पक्क्या फाइलमध्ये घ्यायची नाही. ती पडताळणीसाठी वापरायची आणि कच्च्या फाइलमध्येच राहू द्यायची.

प्रत्येकी आणि मिळून हा फरक म्हणजे शब्द आणि आकडे यांतला फरक नव्हे, इथे बरेच जण गफलत करतात. काही तक्त्यांत मापाचा ३० हा आकडाच दोन-तीन ओळींना मिळून एकदा लिहिलेला असतो. तो आकडा असूनही प्रत्येकी आहे, प्रत्येक ओळीतला रवा ३० किलोचाच, तेव्हा खाली भरायचा. उलट सरासरी दराचा जोडलेला सेल दिसायला दरासारखा, पण तो दोन मापांची मिळून काढलेली सरासरी असू शकतो. शेजारी आवकही जोडलेलीच असेल तर ती शक्यता फार मोठी. मग ती सरासरीही `ekatra` ओळीतच जायला हवी. शंका आली तर ती ओळ स्वतःशी पूर्ण वाक्य करून वाचा: ‘दोन नंबर, १० किलोचा रवा, आवक ११५०.’ वाक्य खोटं वाटलं तर भरू नका. आणि तुम्ही तर यार्डातच आहात, तक्ता लिहिणाऱ्याला विचारणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

आडव्या जोडलेल्या सेलचं उत्तर सोपं आहे, पण चूक महाग पडते. ‘सौदा झाला नाही’ हे किमान, कमाल, सरासरी यांपैकी कशाचंच मूल्य नाही, तो शेरा आहे. शेऱ्याच्या कॉलममध्ये न्या, तिन्ही दर रिकामे ठेवा. शून्य घालू नका. मूळ तक्त्यातल्या पाच ओळींत, एकूण सोडून, कमाल दराची साधी सरासरी काढली तर शून्य धरून ३८३० येते आणि रिकामं सोडून ४७८७.५०. ३८३० हा त्या दिवशीच्या सगळ्यात कमी किमान दराहूनही, म्हणजे ४१०० हूनही खाली आहे. कमाल दराची सरासरी किमान दराच्या खाली गेली की कुठेतरी शून्य घुसलंय हे ओळखा. रिकाम्या सेलचं कारण मात्र दरवेळी शेऱ्यात लिहा: सौदा झाला नाही, आवक नाही, फोटोत वाचता आलं नाही. तिन्ही रिकामेच दिसतात, पण तिसऱ्या प्रकारचा सेल फोटो परत काढून भरता येतो, पहिले दोन नाही.

कच्च्यापासून पक्कं करताना कोड वापरत असाल तर यातली मुख्य ओळ ही:

```python
import pandas as pd

df = pd.read_csv("kaccha.csv", dtype=str, keep_default_na=False)
df["prat"] = df["prat"].mask(df["prat"] == "^").ffill()
```

यात `keep_default_na=False` महत्त्वाचं आहे. ते नसेल तर pandas रिकाम्या सेललाही गहाळ मानतं आणि `ffill` तोही भरून टाकतं. इथे फक्त `^` असलेले सेल भरले जातात, खरे रिकामे तसेच राहतात. पूर्ण तक्त्यावर एकदम `df.ffill()` कधीच चालवू नका, ज्या कॉलमबद्दल प्रत्येकी असा निर्णय झाला त्याचं नाव घेऊनच चालवा. आणि एका वेळी एकाच दिवसाची फाइल घ्या. तीस दिवस एकाखाली एक जोडून मग भरलंत, आणि एखाद्या दिवसाची पहिली ओळ चुकून `^` निघाली, तर आदल्या दिवशीची शेवटची प्रत तिथे उतरेल.

आता हेडिंग. दोन मजली हेडिंग म्हणजेही जोडलेलाच सेल, फक्त आडवा. ‘दर, रु. प्रति क्विंटल’ हे किमान, कमाल, सरासरी तिघांना प्रत्येकी लागू आहे, म्हणून ते तिघांच्या नावात जातं: `dar_kiman_qtl`, `dar_kamal_qtl`, `dar_sarasari_qtl`. एकक नावात ठेवण्याचा फायदा असा, की एखाद्या तक्त्यात दर १० किलोचा लिहिलेला असला तर तो त्या कॉलममध्ये घालताना हात थांबतो. दहाने गुणून मगच घालायचा आणि शेऱ्यात नोंद करायची. नुसतं `kamal` असतं तर ४५० आणि ४५०० शेजारी शेजारी बसले असते.

कॉलमची नावं रोमन अक्षरांत ठेवावीत असं माझं मत आहे. मराठी नावं चालत नाहीत असं नाही, चालतात. पण देवनागरीत दोन नावं डोळ्यांना एकसारखी दिसून आत वेगळी असू शकतात: कुठे शेवटी एक स्पेस, कुठे जोडाक्षरात न दिसणारं एखादं अक्षर, कुठे ‘गूळ’ आणि ‘गुळ’. प्रोग्रामला ती दोन वेगळी नावं वाटतात, आणि सगळ्या फाइली एकत्र केल्यावर एकाऐवजी दोन अर्धवट भरलेले कॉलम दिसतात. मजकूर मराठीत, नावं रोमनमध्ये, याने हा घोळ बराच कमी होतो.

रोज बदलणाऱ्या शब्दांसाठी एक छोटी यादी ठेवा: ‘कमाल’, ‘जास्तीत जास्त’, ‘जादा’ हे सगळे `dar_kamal_qtl`. यादीत नसलेला शब्द आला तर काम थांबलं पाहिजे. अंदाजाने जवळच्या कॉलममध्ये ढकलायचं नाही, माणसाने बघून तो शब्द यादीत घालायचा. आणि तक्त्यात एखादा कॉलम त्या दिवशी नसला तरी तुमच्या फाइलमध्ये तो असलाच पाहिजे, रिकामा. आठही नावं, त्याच क्रमाने, रोज.

```python
THARLELI = ["tarikh", "prat", "maap", "avak_rave", "dar_kiman_qtl",
            "dar_kamal_qtl", "dar_sarasari_qtl", "shera"]
assert list(pakka.columns) == THARLELI
```

फोटोतून अक्षरं वाचून घेणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण थोडं सांगतो. छापील मराठी तक्ता असेल तर टेसरॅक्ट `-l mar+eng --psm 6` ने आकडे बऱ्यापैकी निघतात, पण सेल कुठे जोडलाय हे ते सांगत नाही. ते काम तुमच्याच डोळ्यांचं. हस्तलिखित तक्ता असेल तर सरळ टाइप करा. सॉफ्टवेअरचं दुरुस्त करत बसण्यापेक्षा सात-आठ ओळी टाइप करणं लवकर होतं.

टाइप केलं किंवा वाचून घेतलं, तरी आकडे देवनागरीत ठेवू नका. pandas ‘४५००’ असलेल्या कॉलमला मजकूर समजतं. अंक बदलायला दोन ओळी पुरतात, त्यांत `s` म्हणजे एका सेलमधला मजकूर, अख्खी ओळ नव्हे, आणि हजाराचा स्वल्पविरामही तिथेच काढून टाका, नाहीतर १,१५० चे दोन कॉलम होतात:

```python
ank = str.maketrans("०१२३४५६७८९", "0123456789", ",")
s = s.translate(ank)
```

हाताने लिहिलेल्या १ आणि ९ मध्ये, तसंच ४ आणि ५ मध्ये घोटाळा होतोच. त्यासाठी प्रत्येक ओळीत किमान ≤ सरासरी ≤ कमाल बसतंय का ते तपासा. एक नंबरच्या पहिल्या ओळीत सरासरी ४७०० ऐवजी ५७०० वाचली गेली तर कमाल ५००० च्या वर गेल्यामुळे लगेच पकडली जाते. आवकेला हा पहारा लावता येत नाही, तिथे एकूणची बेरीजच कामाला येते. बेरीज जुळली नाही तर आधी फरक कुठल्या जोडलेल्या सेलइतका आहे का ते बघा, मग एकेक आकडा फोटोशी ताडा. कधी कधी तक्त्यावरची एकूणच चुकलेली असते. अशा वेळी ओळींमधले आकडे तसेच ठेवा आणि शेऱ्यात लिहा की तक्त्यावरची एकूण अमुक, आपली बेरीज अमुक. जुळवण्यासाठी एखादी ओळ कमी-जास्त करू नका.

फाइल साठवताना `encoding="utf-8-sig"` द्या. साध्या यूटीएफ-८ ची फाइल एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडली की शेऱ्यातलं मराठी भलत्याच चिन्हांत दिसतं. आणि पक्की फाइल एक्सेलमध्ये नुसती बघायची असेल तर बघून सेव्ह न करता बंद करा. सेव्ह केलीत तर `2025-01-20` ही तारीख तुमच्या संगणकाच्या सेटिंगप्रमाणे दुसऱ्या रूपात लिहिली जाऊ शकते, आणि पुढच्या महिन्यात फाइली एकत्र करताना निम्म्या तारखा एका पद्धतीच्या, निम्म्या दुसऱ्या पद्धतीच्या निघतात.